घाईचं जेवण, उचकी आणि पोटाची तडस

*डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. वय ३६. सुट्टी अर्ध्या तासाची आहे, पण माग बंद राहिला की मजुरी बुडते, म्हणून सहा मिनिटांत डबा उरकतो. दोन कडक भाकऱ्या, शेंगा चटणी, कांदा. पाच-सहा घास झाले की उचकी लागते. वरून धार धरून अर्धी बाटली पाणी पितो, तेवढ्यापुरती थांबते. उठलो की छातीच्या खाली, बेंबीच्या वर गच्च होतं, तडस लागते, वाकवत नाही. रविवारी घरी हेच जेवतो तेव्हा काही होत नाही. कुणी म्हणतं पित्त, कुणी म्हणतं हार्टचं आहे. रोज फसफसणारी पावडर घेतो. हे नेमकं काय आहे? भाकरी सोडायची का?*
*— एक माग कामगार, सोलापूर*

भाकरी सोडू नका. रविवारचं वाक्य तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण निम्मं निदान त्यातच आहे. भाकरी तीच, चटणी तीच, पोटही तेच. बदलतो तो फक्त वेग. खरोखर पित्ताचा किंवा जठराच्या जखमेचा आजार असता तर त्याने रविवारची सुट्टी घेतली नसती.

तरी हार्टची शंका आधी संपवू, कारण ती मनात ठेवून पुढचं वाचलं जाणार नाही. हृदयाच्या खालच्या भागाला रक्त कमी पडलं तर दुखणं छातीत न येता बेंबीच्या वर येऊ शकतं, सोबत मळमळ आणि क्वचित उचकीसुद्धा असते. पण ते दुखणं जेवणाच्या वेगाकडे बघत नाही. जिना चढताना, सुताचं ओझं उचलताना येतं, थांबलं की कमी होतं. किंवा अचानक येतं आणि घाम फुटतो, दम लागतो, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाते. असं एकदा जरी झालं तरी पावडर पिऊन वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा सोबत्याला घेऊन थेट दवाखाना गाठा आणि ईसीजी काढा. तंबाखू, बिडी, साखर, रक्तदाब यांपैकी काही मागे असेल तर एकदा ईसीजी काढून ठेवलेला बरा. तुम्ही जे लिहिलंय त्यात मात्र घासागणिक उचकी आहे आणि उठल्याबरोबर तडस आहे, आणि या दोन्हींचा माग मला अन्ननलिकेत आणि जठराच्या वरच्या भागात लागतो.

घास गिळल्यावर तो आपोआप खाली पडतो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. अन्ननलिका ही साधारण २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. घास आत आला की ती वरून खाली क्रमाने आवळत जाते आणि ही लाट घासाला ढकलत जठराच्या तोंडापर्यंत नेते. या प्रवासाला ८ ते १० सेकंद लागतात. बसलेल्या माणसात पाणी स्वतःच्या वजनानेच सेकंद-दोन सेकंदांत उतरतं, कोरड्या घासाला मात्र लाटच लागते.

आता यातली खरी गोम सांगते. एक लाट निम्म्या वाटेत असताना तुम्ही दुसरा घास गिळला, तर पहिली लाट तिथेच विरते. नळी पुन्हा सैल होते आणि नव्या घासासाठी नवी लाट सुरू होते. तिसरा घास आला की दुसरी विरते. माग सुरू करून चार धागे भरायच्या आत बंद करायचा, परत सुरू करायचा, परत बंद, असं केलं तर कापड पुढे सरकेल का? शरीराने हा नियम पाण्यासाठी ठेवलेला आहे. घटाघटा पिताना नळी सैल राहते, पाणी वाहत जातं आणि शेवटच्या घोटानंतर एकच लाट येऊन नळी साफ करते. पाण्यासाठी ही सोय आहे, पण कोरड्या भाकरीला तीच अडचण होते.

तुमच्याच डब्याचा हिशेब घालून बघू. दोन भाकऱ्यांचे साधारण तीस घास होतात. कडक भाकरीचा मोठा घास एका दमात जात नाही, दोन-तीन वेळा गिळावा लागतो. म्हणजे साठ ते नव्वद वेळा गिळणं झालं, आणि हे सगळं सहा मिनिटांत. चार ते सहा सेकंदांना एकदा तुम्ही गिळता आणि लाटेला हवेत आठ ते दहा. जवळपास प्रत्येक लाट अर्ध्यात मोडते. घास नळीच्या खालच्या भागात एकावर एक साचतात आणि नळी ताणली जाते. छातीच्या मधोमध काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, ते हेच.

त्यात कडक भाकरीचा स्वभाव वेगळा. मंद आचेवर ती पापडासारखी होईपर्यंत शेकतात, म्हणून तर दिवसचे दिवस टिकते. तिच्यात पाणी जवळजवळ नसतंच. तोंडात गेली की पहिल्यांदा लाळ शोषून घेते, आणि नीट भिजायच्या आत गिळली तर टोकदार, खरखरीत तुकडे खाली जातात. लाळेला सुटायला वेळ लागतो. पहिल्या पाच-सहा घासांत तोंड अजून कोरडंच असतं आणि भूक सगळ्यात जास्त असते, म्हणून वेगही तेव्हाच सगळ्यात जास्त. तुमची उचकी नेमकी तिथेच का सुरू होते, त्याचं उत्तर यात आहे.

उचकीचं काम असं चालतं. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा स्नायूंचा पडदा आहे, त्याला श्वासपटल म्हणतात. अन्ननलिका त्यातल्याच एका भोकातून खाली उतरते आणि जठराचा वरचा फुगीर भाग डाव्या बाजूला या पडद्याला खालून चिकटून असतो. नळी ताणली गेली किंवा जठराचा तो भाग एकदम फुगला की तिथल्या नसा मेंदूच्या देठाकडे खबर पाठवतात. तिथून पडद्याच्या नसेला उलटा हुकूम येतो आणि पडदा झटक्यात आवळतो. हवा छातीत ओढली जाते, पण सेकंदाच्या तिसाव्या भागाइतक्या वेळात स्वरयंत्राची फट बंद होते आणि हवा अडते. तो ‘हिक्’ आवाज फट बंद होण्याचा. यावर आपला ताबा नसतो, त्यामुळे दात-ओठ आवळून ती रोखता येत नाही.

तिखट चटणी यात भर घालते. मिरचीतला झोंबणारा घटक याच नसांना चेतवतो. तरी दोष सगळा चटणीच्या माथी मारू नका. रविवारी तीच चटणी मुकाट उतरते ना?

आता तडस. रिकामं जठर मुठीएवढं आक्रसलेलं असतं आणि जेवताना लिटर-दीड लिटरपर्यंत मोठं होऊ शकतं. पण ते नुसतं अन्नाच्या दाबाने ताणलं जात नाही. गिळण्याची क्रिया सुरू झाली की मेंदूकडून निरोप येतो आणि जठराचा वरचा भाग आधी सैल होतो, मग येणाऱ्या अन्नासाठी हळूहळू आणखी जागा करत जातो. त्यामुळे आतला दाब फारसा वाढत नाही. या सैल होण्याला वेळ लागतो. अन्न त्याच्याआधी ओतलं गेलं तर जागा व्हायच्या आत माल येऊन पडतो, भिंत ताणते, आणि तुम्हाला बरगड्यांच्या मधल्या खळग्यात गच्च वाटतं. एक डोळा मागावर ठेवून, जीव टांगणीला लावून जेवलं तर हे सैल होणंही नीट होत नाही. म्हणून कारखान्यात दोन भाकऱ्या जड जातात आणि घरी तीनही चालतात.

तडस उठल्यावरच का लागते? पोट भरल्याची जाणीव पूर्ण व्हायला पंधरा-वीस मिनिटं जातात. तिचा एक भाग जठराच्या ताणातून येतो आणि दुसरा भाग अन्न आतड्यात पोचायला लागल्यावर तिथून सुटणाऱ्या रसायनांतून. सहा मिनिटांत जेवण संपलेलं असतं तेव्हा यातला निम्मा निरोप अजून वाटेतच असतो. तुम्ही मागावर उभे राहता, तुटलेला धागा जोडायला वाकता, आणि तेव्हा तो पोचतो. वाकल्याने पोटावर दाब येतो. कमरेला पट्टा किंवा पॅन्ट आवळलेली असेल तर आणखी.

यात तिसरी वस्तू हवा. प्रत्येक घोटाबरोबर, प्रत्येक घासाबरोबर थोडी हवा पोटात जातेच, सगळ्यांच्याच जाते. घाईत गिळणाऱ्याच्या जास्त जाते. आणि बाटलीला तोंड न लावता वरून धार धरून पिणं ही आपली स्वच्छ सवय असली तरी उघड्या तोंडाने घटाघट गिळताना पाण्यासोबत हवेचे गोळे खाली जातात. तुम्ही अर्धी बाटली एका दमात पिता, म्हणजे आधीच ताणलेल्या जठरात अर्धा लिटर पाणी आणि वर हवा. पाण्याने उचकी थांबते ती साचलेले घास खाली उतरल्यामुळे आणि सलग गिळताना श्वास रोखला गेल्यामुळे. पण त्याच पाण्याने जठर फुगतं आणि दोन मिनिटांनी उचकी परत येते. हे चक्र तुम्ही पत्रात अगदी बरोबर पकडलंय.

गच्चपणा तासभर का टिकतो, तेही सांगते, कारण पावडरीने तो जात नाही याचं कारण त्यात आहे. जठराचा खालचा भाग मिनिटाला साधारण तीन वेळा आवळतो आणि अन्न घुसळतो. घुसळून घुसळून कण दोन मिलिमीटरच्या आसपास बारीक झाले की मगच ते पुढच्या झडपेतून आतड्यात सोडले जातात. त्याहून मोठा तुकडा परत मागे ढकलला जातो. जेवणानंतर पहिली वीस-तीस मिनिटं तर घट्ट अन्न फारसं पुढे जात नाही, नुसतं दळण चालू असतं. दातांनी जे काम केलं नाही ते जठराला करावं लागतं, आणि ज्वारीचे कडक तुकडे भिजवून दळायला त्याला वेळ लागतो. शेंगदाण्यातलं तेलही जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं. ते वाईट नाही, त्यामुळेच भाकरी-चटणीवर संध्याकाळपर्यंत दम निघतो. पण अर्धवट चावलेले तुकडे आणि तेल एकत्र आले की मुक्काम लांबतो.

तर करायचं काय. मजुरीचा प्रश्न मला कळतो, ‘तासभर निवांत जेवा’ असं मी म्हणणार नाही. तुम्हाला लागतात पंधरा मिनिटं, म्हणजे तीस घासांना प्रत्येकी अर्धा मिनिट. आजच्यापेक्षा नऊ मिनिटं जास्त. शेजारच्या मागवाल्याशी बोलून आलटून-पालटून सुट्टी घेता आली, त्याच्या जेवणात तुम्ही त्याच्या मागाकडे बघायचं आणि तुमच्या जेवणात त्याने, तर ही नऊ मिनिटं बहुतेक निघतील.

डब्यात एक बदल करा. कडक भाकरीसोबत काहीतरी पातळ कोरड्यास हवंच. आमटी, पातळ पिठलं, ताक, दही, जे घरात असेल ते. सुट्टी झाली की आधी भाकरी मोडून त्यात टाका, मग हात-तोंड धुवायला जा. परत येईपर्यंत ती भिजलेली असते. आमटीत कुस्करलेली कडक भाकरी आपल्याकडे किती आवडीने खातात ते तुम्हाला सांगायला नको. पातळ काही नसेल त्या दिवशी घरून मऊ भाकरी न्या. चटणी कोरडी खाऊ नका, दह्यात किंवा थोड्या तेलात कालवा.

पहिले पाच घास सगळ्यात महत्त्वाचे. ते लहान घ्या, सुपारीएवढे. जिभेला ज्वारीची कणी टोचेनाशी झाली की गिळा, त्याआधी नाही. गिळल्यावर लगेच पुढचा घास तोंडात घालू नका, मनात सावकाश दहा आकडे मोजा. तेवढ्यात लाट खाली पोचलेली असते. हे पाच घास नीट गेले की लाळ सुटलेली असते, जठर सैल व्हायला लागलेलं असतं, आणि पुढचे घास थोडे भरभर गेले तरी निभावतं. सगळ्या तीस घासांना आकडे मोजत बसलात तर तिसऱ्या दिवशी कंटाळून सोडून द्याल, म्हणून पाचांचाच आग्रह धरतेय.

पाणी जेवायच्या आधी प्या. आपल्या उन्हाळ्यात आणि मागाच्या शेडमधल्या उष्म्यात तहान दांडगी असते. तहानलेल्या पोटी जेवायला बसलं की पाण्यावर झडप घातली जाते, म्हणून सुट्टीच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच ग्लासभर संपवा. जेवताना पेल्यातून घोट-घोट घ्या, धार नको. उठल्यावर निदान दहा मिनिटं वाकण्याची, ओझ्याची कामं टाळा, पट्टा एक भोक सैल करा.

तरीही उचकी लागलीच तर सगळ्यात आधी खाणं थांबवा. उचकी चालू असताना कोरडा घास गिळला तर तो श्वासनलिकेकडे ओढला जाऊन जोराचा ठसका लागू शकतो. ताठ बसा, छाती भरून श्वास घ्या, दहा-पंधरा सेकंद रोखा, सावकाश सोडा. दोन-तीन वेळा करा. रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला की हा झटका शांत होतो. नाही थांबली तर गार पाण्याचे अगदी लहान घोट एकामागून एक घ्या, पाव पेला पुरे. पाठीत बुक्का मारणं, डोळे दाबणं हे प्रकार कुणालाही करू देऊ नका, डोळे दाबण्याने नाडी एकदम मंदावू शकते.

पावडरीबद्दल. ती पाण्यात फसफसते तो कार्बन डायऑक्साइड वायू. तो पेल्यात निघतो तसा पोटातही निघतो. ढेकर येते, बरं वाटतं, म्हणून गॅस निघाला असं वाटतं, पण त्या ढेकरेतला बराचसा वायू पावडरीनेच तयार केलेला असतो. गोटी सोड्याचंही तेच. ताणलेल्या जठरात आणखी वायू भरून उचकीला आमंत्रणच मिळतं. शिवाय या पावडरीत सोडियम भरपूर असतं, रक्तदाब असलेल्याने रोज घेणं चांगलं नाही. आम्ल कमी करून तुमच्या त्रासात फारसा फरकही पडणार नाही, कारण त्रास आम्लाचा नाही, दाबाचा आहे. बंद करा.

तीन आठवडे असं जेवून बघा आणि रोज फक्त दोन गोष्टी लिहा: उचकी लागली का, आणि गच्चपणा किती वेळ राहिला. वेग हेच कारण असेल तर पहिल्या काही दिवसांतच उचकी कमी होईल, गच्चपणा उतरायला थोडे जास्त दिवस लागतील. सावकाश जेवूनही तडस तशीच राहिली तर जठर सैल न होण्याचाच मूळ दोष असू शकतो. त्याला वेगळी औषधं आहेत, पण ती तपासून द्यावी लागतात. घशाशी जळजळ, रात्री आडवं झाल्यावर आंबट पाणी वर येणं, उपाशी पोटी किंवा पहाटे दुखून जाग येणं, उजव्या बरगडीखाली दुखून पाठीत कळ जाणं, यांपैकी काही दिसलं तर तेही लिहून ठेवा. यांची कारणं वेगवेगळी असतात आणि डॉक्टरांना त्यावरून दिशा मिळते.

तीन आठवडे न थांबता जायचं ते असं: मऊ, भिजवलेला, नीट चावलेला घासही पुन्हा पुन्हा अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, किंवा उलट्या थांबत नसतील. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याने तर अडकणाऱ्या घासाकडे मुळीच दुर्लक्ष करू नये, तिथे दुर्बिणीने तपासणी लागते आणि ती लवकर झालेली चांगली. उचकी सलग ४८ तासांच्या वर राहिली तर तिचा जेवणाशी संबंध उरत नाही. मूत्रपिंड, साखर, रक्तातले क्षार, चालू असलेली औषधं, विशेषतः स्टिरॉइड, हे सगळं बघावं लागतं. अशा वेळी सिव्हिलला किंवा तुमचं ईएसआयचं कार्ड असेल तर तिथे जा, आणि घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.